वर्गणीदार किती महिने टिकतो हे कसं काढायचं, आणि त्याला फोन नेमका कधी करायचा?

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी,

आमचं लहान मुलांना मराठी गोष्टी ऐकवणारं एक छोटं ॲप आहे. आम्ही पाच जण मिळून ते चालवतो. वर्गणी महिन्याची आहे: पहिले तीन महिने ९९ रुपये, चौथ्या महिन्यापासून १९९. पैसे यूपीआय ऑटोपेनं आपोआप कापले जातात. जानेवारी २०२४ ते जून २०२५ या दीड वर्षाच्या नोंदी माझ्याकडे आहेत: कोण कधी आलं, कधी गेलं, कुणी किती गोष्टी ऐकल्या.

सरांना दोन गोष्टी हव्या आहेत. एक वर्गणीदार सरासरी किती महिने राहतो? आणि जाण्याआधी त्याला थांबवायचं तर फोन कितव्या महिन्यात करायचा? सरांच्या एक्सेलमध्ये सोडून गेलेल्यांची सरासरी साडेतीन महिने येते, म्हणून ते म्हणतात की तिसऱ्या महिन्यात सगळ्यांना फोन लावा. पण वर्षभरापासून असलेले पुष्कळ लोक आमच्याकडे आहेत, ते या सरासरीत कुठेच येत नाहीत. मला हा हिशोब पटत नाही, पण मग योग्य हिशोब कोणता?

धनंजय_सातारकर

इतकं अवघड नाहीये हे. महिन्याच्या सुरुवातीला किती होते आणि महिन्याभरात किती गेले ते बघा. समजा ९ टक्के गेले, तर १ भागिले ०.०९, म्हणजे ११ महिने. हेच सरासरी आयुष्य. आमच्याकडे बोर्डासमोर हाच आकडा जातो आणि गुंतवणूकदारही हाच मागतात. सोडून गेलेल्यांची सरासरी मात्र काढू नका, त्यावर तुमचा आक्षेप बरोबर आहे.

वाचनवेडा_सांगली

आमचं वाचनालय आहे, तिमाही वर्गणी आणि अनामत. लोक पुस्तकं न्यायचं बंद करतात, पण अनामत परत मागायला येत नाहीत. तीन-तीन वर्षं नाव वहीत चालू असतं. अशा सभासदाला गेला म्हणायचं की आहे? तुमच्या या पद्धतीनं आम्हालाही सभासद किती टिकतात ते काढता येईल का? दर मार्चमध्ये समितीपुढे हाच वाद होतो.

रेघोटी

मृण्मयी, मी एका रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांच्या पाठपुराव्याची आकडेवारी सांभाळते. तुझा प्रश्न आमच्या रोजच्या कामातलाच आहे, फक्त आमच्याकडे 'वर्गणी बंद' च्या जागी फार वेगळी घटना असते. ही पद्धत केपलन आणि मायर या दोघांनी १९५८ साली मांडली आणि ती कागदावर हातानं करता येते. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एकदा तशी करून बघच.

समज दहा वर्गणीदार आहेत. चौघं गेले: दोघं पहिल्या महिन्याअखेर, एक तिसऱ्या, एक पाचव्या. बाकीचे सहा आज चालू आहेत, पण प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी आलाय. एकाचे आत्ताशी दोन महिने झालेत, एकाचे तीन, एकाचे चार, एकाचे सहा आणि दोघांचे आठ.

गेलेल्यांची सरासरी येते अडीच महिने. दहाही जणांची धरली तर ४.१. दोन्ही चूक. पहिल्यात टिकलेले लोक गायब आहेत आणि दुसऱ्यात जे अजून चालू आहेत त्यांना 'आजच गेले' असं धरलंय. बरं, 'दहापैकी सहा चालू म्हणजे ६० टक्के टिकतात' असंही म्हणता येत नाही, कारण दोन महिन्यांपूर्वी आलेल्याला जायला अजून वेळच मिळालेला नाही.

आता प्रत्येक महिन्याअखेर एकच प्रश्न विचार: या क्षणापर्यंत जे आपल्या नजरेसमोर होते, त्यांतले किती गेले?

पहिल्या महिन्याला दहा होते, दोन गेले, उरले ८० टक्के. दुसऱ्या महिन्यात कुणी गेलं नाही, पण ज्याचे दोनच महिने झालेत त्याचं पुढचं आपल्याला माहीत नाही, म्हणून तो पुढच्या मोजणीतून बाहेर. तिसऱ्याला सात जण नजरेसमोर, एक गेला: ०.८० गुणिले सहा सप्तमांश म्हणजे ०.६९. इथून तीन महिनेवाला आणि पुढे चार महिनेवाला असेच बाहेर पडतात. पाचव्याला चार जण, एक गेला: ०.६९ गुणिले पाऊण म्हणजे ०.५१.

या टक्केवारीची महिन्यांप्रमाणे रेघ काढली तर आठ महिन्यांपर्यंत ती पन्नास टक्क्यांच्या खाली आलेलीच नाही. निम्मे लोक किती महिन्यांत जातात, याचं उत्तर या दहा जणांपुरतं 'आठ महिन्यांत तरी नाही' इतकंच आहे. आणि त्याच दहा जणांवरून सरांच्या एक्सेलची पद्धत अडीच महिने सांगते.

जो अजून चालू आहे तो 'निदान इतके महिने तरी टिकला' एवढी माहिती देतो. ती फेकायची नाही आणि फुगवायचीही नाही, या पद्धतीचं सगळं मर्म तेवढंच आहे.

सांगलीच्या दादांना: तुमचा प्रश्न वेगळा आहे. मृण्मयीकडे वर्गणी बंद झाल्याची तारीख आहे. तुमच्याकडे ती घटनाच नोंदली जात नाही. सलग दोन तिमाही वर्गणी आली नाही की गेला, असा नियम समितीनं आधी ठरवावा लागेल, आणि उत्तर त्या नियमावर बदलेल. नियम तीन तिमाहींचा केलात तर तेच सभासद जास्त टिकल्यासारखे दिसतील.

मृण्मयी_के

रेघोटीताई, कालच बसून केलं. ज्यांचा पहिला महिना पूर्ण झालाय असे २१४० जण आहेत. महिना संपताना किती जण नजरेसमोर होते आणि त्यांतले किती गेले ते लिहिते.

१ ला महिना: २१४० पैकी ४२८
२ रा: १६०० पैकी १२८
३ रा: १३८० पैकी २०७
४ था: ११०० पैकी ५५
५ वा: १००० पैकी ४०
६ वा: ९०० पैकी ३६

पायथॉनमध्ये lifelines वापरून पडताळलं, हातच्या हिशोबाशी जुळतंय.

```python
from lifelines import KaplanMeierFitter
kmf = KaplanMeierFitter()
kmf.fit(df["mahine"], event_observed=df["gela"])
kmf.plot_survival_function(at_risk_counts=True)
```

रेघोटी

छान. `at_risk_counts` ठेवलंस हे फार चांगलं केलंस. रेघेच्या उजव्या टोकाला खाली दहा-बारा जण उरलेले दिसले की तिथल्या पायऱ्यांवर काही ठरवायचं नाही.

आता तुझ्या आकड्यांत दोन रेघा वाच. टिकण्याची रेघ ८०, मग ७४, ६३, ५९, ५७, ५५ टक्के अशी उतरते. सहा महिन्यांनी निम्म्याहून जास्त लोक आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक महिन्याचं गळण्याचं प्रमाण: २०, ८, १५, ५, ४, ४. फोन कधी करायचा हे पहिली रेघ सांगत नाही, ते या दुसऱ्या ओळीतून दिसतं. गळती सारखी वाहत नाहीये, दोन ठिकाणी उसळतेय. पहिल्या महिन्याअखेर, आणि तिसऱ्या महिन्याअखेर, जिथे ९९ चे १९९ होतात.

सरांना हवी असलेली 'सरासरी'सुद्धा यातूनच काढ, पण मुदतीला बांधून. पहिल्या सहा महिन्यांत एक वर्गणीदार सरासरी किती हप्ते भरतो? पहिला सगळेच भरतात, दुसरा ०.८०, मग ०.७४, ०.६३, ०.५९, ०.५७. बेरीज ४.३३ हप्ते. त्यातले सुमारे अडीच ९९ चे आणि १.८ हप्ते १९९ चे, म्हणजे माणशी सहाशे रुपयांच्या जरा वर. नवा वर्गणीदार आणायला जाहिरातीवर किती घालायचे, याला हा आकडा पुरेसा आहे. 'एकूण आयुष्य' सांगायला लागलीस की दीड वर्षापलीकडचं सगळं अंदाजानं भरावं लागतं.

धनंजय_सातारकर

पण मग माझं सूत्र कुठे चुकलं? वरच्या सहा ओळींची बेरीज केली तर ८१२० पैकी ८९४ गेले, म्हणजे ११ टक्के, म्हणजे ९ महिने. तुमची रेघ पुढे दरमहा ४ टक्क्यांनी उतरत गेली तर नवव्या महिन्यातच पन्नासच्या खाली जाते. उत्तर सारखंच आलं की.

रेघोटी

धनंजय, ते जुळणं योगायोगाचं आहे. तुमचे ९ महिने ही सरासरी आहे आणि रेघेचे ९ महिने म्हणजे निम्मे लोक जायला लागणारा वेळ. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही लोक फार लांब टिकतात तेव्हा सरासरी मधल्या माणसाच्या बरीच पुढे असते.

आणि तुमच्या आकड्याचा मोठा धोका वेगळाच आहे. समजा पहिल्या महिन्यातले नवे १०० आहेत आणि सहा महिन्यांहून जुने ६००. नव्यांतले २० जातात, जुन्यांतले २४. एकूण ७०० पैकी ४४, म्हणजे ६.३ टक्के. पुढच्या महिन्यात जाहिरात केली आणि नवे ३०० आले. ६० अधिक २४ म्हणजे ८४, ९०० पैकी ९.३ टक्के. तुमच्या सूत्रानं सरासरी आयुष्य १६ महिन्यांवरून ११ वर आलं, आणि वागणं मात्र एकाही माणसाचं बदललेलं नाही. बोर्ड म्हणणार, ॲप बिघडलं. उलट जाहिरात बंद केली की हाच आकडा आपोआप सुधारेल आणि सगळे खूश होतील.

सूत्र टाकाऊ नाही. जिथे प्रमाण सपाट झालंय तिथे ते बरोबर बसतं. सहा महिने टिकलेल्यांसाठी ४ टक्के असेच राहिले तर अजून २५ महिने. ते तसेच राहतील का, हे मात्र दीड वर्षाची नोंद सांगू शकत नाही.

धनंजय_सातारकर

हे मिश्रणाचं उदाहरण पटलं. आमच्याकडे दर दिवाळीनंतर गळती वाढलेली दिसते आणि सगळे सपोर्टच्या लोकांवर तुटून पडतात. दिवाळीच्या ऑफरमध्ये आलेले नवे लोक वेगळे काढून बघतो.

दोन_पिल्लांची_आई

मी अशाच एका ॲपची वर्गणीदार होते, म्हणून लिहिते. आमच्याकडे मे महिन्यात मुलं दिवसभर गोष्टी ऐकतात आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की बंद. त्याचा माझ्या कितव्या महिन्याशी काही संबंध नाही. एप्रिलमध्ये आलेली असेन तर तिसऱ्या महिन्यात जाईन, जानेवारीत आलेली असेन तर सहाव्यात. हा तिसऱ्या महिन्याचा खड्डा खरंच किमतीचा आहे, की एप्रिलमध्ये आलेले जास्त आहेत म्हणून दिसतोय?

मृण्मयी_के

फार चांगला प्रश्न. आलेल्या महिन्याप्रमाणे गट पाडून बघितलं. एप्रिल-मेमध्ये आलेल्यांचा तिसऱ्या महिन्याचा खड्डा जास्त खोल आहे, पण ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्यांतही तो स्पष्ट दिसतो. म्हणजे किमतीचा भाग आहेच, आणि त्यावर सुट्टीचा थर आहे. दोन्ही किती-किती ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

डब्लिनचा_दत्ता

मी इथे मोबाईल कंपन्यांच्या डेटावर काम करतो. दोन प्रश्न, फोनच्या गोष्टी बोलण्याआधी.

पहिला: जानेवारी २०२४ पूर्वी आलेले लोक या डेटात आहेत का?

दुसरा: 'गेला' म्हणजे स्वतः बंद केलेला की पैसे कापले न गेल्यामुळे बंद पडलेला?

मृण्मयी_के

पहिल्याचं उत्तर: हो. जुन्या सर्व्हरवरून आलेले सुमारे ३०० जण आहेत, २०२२-२३ मधले. वरच्या २१४० मध्ये ते धरलेले नाहीत, पण पुढच्या टप्प्यात टाकणार होते, म्हणजे लांबच्या महिन्यांची रेघ मिळेल.

दुसऱ्याचं: पहिल्या महिन्यातल्या ४२८ पैकी २५७ जणांनी स्वतः ऑटोपे बंद केलं. १७१ जणांचे पैसे कापले गेले नाहीत, बहुतेक खात्यात शिल्लक नव्हती, आणि मग आमच्या सिस्टिमनं वर्गणी थांबवली.

डब्लिनचा_दत्ता

त्या ३०० जणांना सरळ टाकू नकोस. सर्व्हर बदलला तेव्हा जे चालू होते तेच नव्या नोंदीत आले ना? त्याआधी जे आले आणि गेले ते कुठेच नाहीत. म्हणजे हे ३०० निवडून टिकलेले लोक आहेत. ते पहिल्या महिन्यापासून हजर होते असं धरलंस तर खड्डे बुजतील आणि रेघ खोटी वर जाईल. त्यांना ज्या महिन्यापासून ते तुझ्या नजरेला पडले तिथूनच मोजणीत घ्यायचं. सर्व्हर बदलताना कुणाचे चौदा महिने झाले असतील तर पंधराव्यापासून पुढेच. lifelines मध्ये त्यासाठी `entry` आहे:

```python
kmf.fit(df["mahine"], event_observed=df["gela"],
        entry=df["disla_tevha"])
```

आणि १७१ म्हणजे पहिल्या महिन्याच्या गळतीतले चाळीस टक्के लोक! त्यांनी जायचं ठरवलेलंच नाहीये. फोन करून मुलाला गोष्टी आवडल्या का हे विचारण्यात त्यांच्या बाबतीत अर्थ नाही. त्यांना एक साधा निरोप हवा, 'पैसे कापले गेले नाहीत, इथे दाबा', आणि गेटवे जितक्या वेळा देतो तितक्या वेळा पुन्हा प्रयत्न. कापण्याची तारीख आणि फसण्याचं प्रमाण शेजारी ठेवून बघ. महिनाअखेरच्या तारखा वाईट निघाल्या तर मला नवल वाटणार नाही.

रेघोटी

दत्ता म्हणतायत ते दोन्ही महत्त्वाचं. एक भर घालते. स्वतः गेलेले आणि पैसे फसलेले यांच्या वेगळ्या रेघा काढशील तेव्हा एकीच्या हिशोबात दुसऱ्यांना 'अजून चालू' समजून बाहेर काढलंस, तर दोन्हीकडची गळती जरा जास्तच दिसते आणि बेरीज एकूण गळतीच्या पुढे जाते. पैसे फसून गेलेला माणूस पुढे स्वतः बंद करायला शिल्लकच नसतो. lifelines मध्ये यासाठी `AalenJohansenFitter` आहे. त्याचे दोन आकडे बेरजेला एकूण गळतीशी जुळतात. तुझ्याकडे महिन्याच्या पायऱ्या आहेत आणि लोक एकाच दिवशी दोन्ही कारणांनी जात नाहीत, तेव्हा नुसती टक्केवारी मांडलीस तरी सुरुवातीला भागेल.

मृण्मयी_के

स्वतः बंद करणाऱ्यांच्या नोंदी वाचत बसले होते. एक बाई नमुन्यादाखल. तीन तारखेला वर्गणी घेतली. पहिल्या दोन रात्री मिळून चार गोष्टी. नऊ तारखेला एक गोष्ट, तीही अर्धी. त्यानंतर काही नाही. पुढच्या महिन्याच्या दोन तारखेला सकाळी 'उद्या पैसे कापले जातील' असा निरोप गेला आणि पंधरा मिनिटांत त्यांनी ऑटोपे बंद केलं. असे कितीतरी आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी कळवावं लागतं, आणि आमची बहुतेक रद्द होणारी वर्गणी त्या चोवीस तासांत रद्द होते.

मग फोन त्याच्या आदल्या दिवशी करायचा का?

डब्लिनचा_दत्ता

नाही. निरोपानं फक्त आठवण करून दिली. त्या बाईंकडचं ऐकणं नऊ तारखेलाच थांबलं होतं. रेघेवर पायरी महिना संपताना दिसते, पण हात घालायचा तर दहा तारखेच्या आसपास. आमच्याकडेही बंद करायला फोन करणाऱ्या ग्राहकाला सवलत देऊन थांबवलं तर तो बहुधा तेवढ्या सवलतीपुरताच थांबतो.

मृण्मयी_के

मीही तेच बघत होते. ज्यांनी वीसपेक्षा जास्त गोष्टी ऐकल्या त्यांची रेघ काढली तर ती जवळजवळ सपाट आहे, आणि वीसपेक्षा कमी ऐकलेल्यांची धाडकन खाली येते. म्हणजे वीस गोष्टींपर्यंत पोचवलं की माणूस टिकतो, असं सरांना सांगू का?

रेघोटी

थांब, हे सांगू नकोस. वीस गोष्टी ऐकायला मुळात टिकावं लागतं. पहिल्या महिन्यात गेलेल्याला वीसपर्यंत पोचायला वेळच मिळाला नाही, म्हणून तो आपोआप 'कमी ऐकणाऱ्यां'त पडला. आमच्याकडे औषधाचे सहा डोस पूर्ण केलेले रुग्ण जास्त जगले असा निष्कर्ष कुणी काढला की आम्ही हेच विचारतो: सहावा डोस घ्यायला जगणं भाग होतं ना?

एक दिवस ठरव, समज दहावा. त्या दिवशी जे वर्गणीदार आहेत तेवढेच घे. पहिल्या दहा दिवसांत किती ऐकलं यावरूनच दोन गट पाड आणि तिथून पुढे काय झालं ते बघ. दहाव्या दिवसानंतरचं ऐकणं गट ठरवताना वापरायचं नाही.

मृण्मयी_के

केलं. २१४० पैकी ४० जणांनी पहिल्या दहा दिवसांतच ऑटोपे बंद केलं होतं, ते बाजूला काढले. उरलेल्या २१०० मध्ये तीनपेक्षा कमी गोष्टी ऐकलेले ८०० आणि तीन किंवा जास्त ऐकलेले १३००. पहिल्या महिन्याअखेर ८०० पैकी २६० गेले, १३०० पैकी १२८.

म्हणजे एका बाजूला जवळजवळ एक तृतीयांश आणि दुसऱ्या बाजूला दहातला एक. वीस गोष्टींच्या रेघेइतका फरक नाही, पण आहे.

रेघोटी

हा फरक खरा आहे. पण तो 'कोण जाणार' एवढंच सांगतो. फोन केला तर थांबतील का, हे यात कुठेच नाही. ज्यांच्या मुलाला गोष्टी ऐकायलाच आवडत नाहीत त्यांना फोन करून काय होणार? ८०० सारख्या गटातल्या निम्म्यांना फोन करायचा आणि निम्म्यांना नाही, नाणं टाकून. दोघांच्या गळतीतला फरक म्हणजे फोनचा परिणाम.

डब्लिनचा_दत्ता

+१, आणि हे पुस्तकी सावधपणापोटी म्हणत नाहीये. २०१६ साली जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्चमध्ये अस्कार्झा, अय्यंगार आणि श्लायचर यांचा एका मोबाईल कंपनीतला प्रयोग आला होता. ग्राहकांना त्यांच्या वापराला जास्त सोयीचा प्लॅन आपणहून सुचवला. ज्यांना काही सांगितलं नव्हतं त्यांच्यातले ६ टक्के तीन महिन्यांत गेले, आणि ज्यांना सुचवलं त्यांच्यातले १० टक्के. चांगल्या हेतूनं केलेल्या सूचनेनं लोकांना आपल्या वापराकडे बघायला लावलं. जे आपणहून शांत राहतात, त्यांना उठवू नये.

दोन_पिल्लांची_आई

दत्ता, हे वाचून मला बरं वाटलं नाही. जो ऐकत नाहीये आणि विसरून पैसे देतोय, त्याला मुद्दाम आठवण करायची नाही, असं म्हणताय का? दरमहा १९९ रुपये कुणाच्या तरी खात्यातून उगाच जातायत. माझ्या सासूबाईंच्या फोनवर अशा दोन वर्गण्या वर्षभर चालू होत्या.

डब्लिनचा_दत्ता

ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे. आदल्या दिवशीचा निरोप बंद करा असं मी म्हणत नाही, तो नियमच आहे. पण वाचवायचे म्हणून केलेले फोन उलटे पडतात का, हे मोजल्याशिवाय कळणार नाही, एवढंच. आणि कंपनीला तोटा होतो म्हणून मोजायचं असलं तरी मोजायला हवंच.

दोन_पिल्लांची_आई

मोजा जरूर. पण सहा महिने एकही गोष्ट न ऐकलेल्याची वर्गणी आपणहून थांबवणारं ॲप असेल, तर मी ते चार जणींना सांगेन. ते तुमच्या रेघेत कुठे दिसणार?

मृण्मयी_के

हे मी सरांपुढे मांडणार आहे. आमच्याकडे असे किती आहेत ते अजून काढलेलं नाही.

प्रयोगाचं बघितलं तर अडचण वेगळीच आली. दहाव्या दिवशी तीनपेक्षा कमी ऐकलेले आमच्याकडे महिन्याला साधारण पंचेचाळीस येतात. त्यांतल्या निम्म्यांना फोन करायचा. गळती ३२ वरून २५ टक्क्यांवर आली तर ते ओळखायला किती लोक लागतील?

रेघोटी

नेहमीच्या मापानं, म्हणजे खरा फरक असेल तर पाचपैकी चार वेळा तो पकडता यावा असं धरलं, तर प्रत्येक बाजूला साडेसहाशेच्या आसपास. एकूण तेराशे. पंचेचाळीसच्या वेगानं सव्वादोन वर्षांच्या वर.

३२ वरून २० वर आली तर प्रत्येक बाजूला दोनशेच्या जरा वर, म्हणजे नऊ-दहा महिने. एवढा मोठा परिणाम एका फोननं होईल असं मला तरी वाटत नाही.

धनंजय_सातारकर

मग दोन वर्षं थांबायचं? एवढ्यात कंपनी राहील की नाही. इथे थोडा व्यवहार बघा. फोनला खर्च किती आणि एक माणूस वाचला तर मिळतं किती? सहा महिन्यांचे सहाशे रुपये तुम्हीच काढलेत. पहिल्या हप्त्याचे शंभर तर आधीच मिळालेत, आणि उरलेले पाचशे पहिल्या महिन्यानंतर टिकलेल्या ८० टक्क्यांकडूनच येतात, म्हणजे वाचलेल्या माणसाकडून अजून सव्वासहाशे. शंभर फोनांत सात वाचले तर सुमारे चार हजार चारशे. फोनला पंचवीस रुपये पडत असतील तर अडीच हजार खर्च. फायदा आहे, पण इतका नाही की डोळे मिटून सगळ्यांना फोन करावेत. निरोप पाठवायला जवळजवळ काहीच पडत नाही, आधी तो करून बघा.

रेघोटी

हा हिशोब मला आवडला, धनंजय. फक्त वाचलेला माणूस पुढे इतरांसारखाच टिकेल हे यात गृहीत आहे. कमी ऐकणारा आहे, लवकर जाईल. सव्वासहाशेच्या जागी तीनशे धरून बघा, मग शंभर फोनांना २१०० मिळतात आणि खर्च अडीच हजार.

मृण्मयी, माझ्या मते फोनचा प्रयोग मागे ठेव. पैसे फसलेल्या १७१ जणांपासून सुरू कर, तिथे फरक मोठा असण्याची शक्यता आहे आणि मोठा फरक थोड्या लोकांतही दिसतो. तिथेही निम्म्यांना जुनीच वागणूक ठेव, निदान तीन-चार महिने.

डब्लिनचा_दत्ता

मी तिसऱ्या महिन्याच्या खड्ड्यापासून सुरू केलं असतं. ९९ वरून एकदम १९९ ऐवजी नव्या लोकांतल्या निम्म्यांना पहिल्यापासून १४९ लावा. पैसे फसणं तर प्रयोगाशिवायही दुरुस्त करता येतं, ते नुसतं करून टाका.

रेघोटी

किमतीचा प्रयोग केला तर पहिल्या महिन्याची गळतीही बदलणार, कारण १४९ ला येणारे लोकच वेगळे असतील. तेव्हा नुसता तिसऱ्या महिन्याचा खड्डा बघून चालणार नाही, सहा महिन्यांतले माणशी रुपये बघावे लागतील. आणि 'नुसतं करून टाका' म्हणालात तर पुढच्या वर्षी जाहिरात बदलेल, बँका बदलतील, आणि कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. इथे मी तुमच्याशी सहमत नाही.

मृण्मयी_के

सरांशी बोलले. पैसे फसलेल्यांसाठी व्हॉट्सॲप निरोप पुढच्या महिन्यापासून सुरू होतोय, मोबाईल क्रमांकाचा शेवटचा अंक सम असेल त्यांनाच. विषम अंकवाल्यांना जुनंच. किमतीवर सर अजून विचार करतायत.

एक प्रश्न राहिलाच. आमच्याकडे वर्गणी 'थांबवून ठेवा' असं बटण आहे, परीक्षेच्या दिवसांत बरेच पालक ते वापरतात. काही दोन महिन्यांनी परत येतात, काही येतच नाहीत. त्यांना गेलेले धरू का?

रेघोटी

मी धरणार नाही. थांबवलेले महिने वेगळे ठेव, आणि घड्याळ पैसे भरलेल्या महिन्यांवरच चालव.

डब्लिनचा_दत्ता

मी धरेन. त्या दोन महिन्यांत पैसे येत नाहीत, आणि परत आलेला माणूस नवा म्हणून मोजला तर त्याचा पहिला महिना इतर नव्यांसारखा आहे का तेही कळतं. ताई, तुमच्या पद्धतीत जे परत आलेच नाहीत त्यांची घटना कोणत्या तारखेला नोंदवणार?

वाचनवेडा_सांगली

हाच तर आमच्या अनामतीचा प्रश्न आहे.